होकायंत्राचे दिशामान नकाशावर मांडण्यापूर्वी

(पाणलोट समित्यांचे सदस्य व प्रगतशील शेतकरी यांच्यासाठी झालेल्या प्रशिक्षण वर्गातील व्याख्यान)



आजच्या विषयाची सुरुवात मी माझ्याच एका चुकीने करणार आहे. काही वर्षांपूर्वी, मी नुकताच नोकरीला लागलो असताना, भीमेच्या खोऱ्यातील एका गावी पाणलोटाच्या कामाचे सर्वेक्षण आम्ही विद्यार्थ्यांना घेऊन केले. तीन गावांच्या शिवा जिथे मिळतात त्या दगडापासून सुरुवात करून, ओढ्याच्या कडेकडेने, सिमेंट नालाबांधाच्या नियोजित जागेपर्यंत आम्ही होकायंत्र आणि टेप घेऊन गेलो. संध्याकाळी शाळेच्या खोलीत बसून ती रेघ गावाच्या नकाशावर मांडली. दुसऱ्या दिवशी ग्रामसभेत नकाशा भिंतीला लावला, तेव्हा मागच्या रांगेतून एक शेतकरी उठून म्हणाले, “साहेब, तुमचा बांध ओढ्यात नाही, माझ्या डाळिंबाच्या बागेत आहे.”

नकाशात तसेच दिसत होते. बांधाची खूण ओढ्याच्या पात्रापासून सुमारे चाळीस मीटर बाजूला पडली होती. जागेवर आदल्या दिवशी आम्ही सर्वजण ओढ्याच्या पात्रातच उभे होतो. म्हणजे जागा बरोबर होती, मोजमापही बरेचसे बरोबर होते. कागदावर उतरवताना गफलत झाली होती. त्या एका खुणेमुळे दोन भावकीत पंधरा दिवस बोलणे बंद राहिले. ती गफलत कशी झाली आणि ती कशी टाळावी, एवढेच आज सांगायचे आहे.

उत्तर एक नाही

होकायंत्राने आपण एखाद्या रेषेचे दिशामान घेतो. उत्तरेपासून घड्याळाच्या काट्याच्या दिशेने ती रेषा किती अंशांवर आहे, तो आकडा म्हणजे दिशामान. उत्तर शून्य, पूर्व ९०, दक्षिण १८० आणि पश्चिम २७० अंश. इथपर्यंत सर्वांना माहीत असते.

परंतु होकायंत्राची सुई जी उत्तर दाखवते ती चुंबकीय उत्तर होय. नकाशाची उभी रेघ ज्या उत्तरेकडे जाते ती खरी उत्तर, म्हणजे पृथ्वी ज्या आसाभोवती फिरते त्या आसाच्या टोकाकडे जाणारी. या दोन दिशांमध्ये थोडा कोन असतो. त्याला चुंबकीय दिक्पात म्हणतात. सुई खऱ्या उत्तरेच्या उजवीकडे असेल तर दिक्पात पूर्व, डावीकडे असेल तर दिक्पात पश्चिम.

हा कोन सर्व ठिकाणी सारखा नसतो आणि एकाच ठिकाणी कायमही राहत नाही. लंडनचे उदाहरण सर्वांत जुने व चांगले नोंदलेले आहे. तेथे १५८० साली सुई खऱ्या उत्तरेच्या सुमारे ११ अंश पूर्वेला होती. सतराव्या शतकात ती सरळ उत्तरेवर आली, आणि १८२० च्या सुमारास २४ अंश पश्चिमेला गेली. आता ती पुन्हा शून्याजवळ आहे. सुई तीच, गाव तेच. बदलले ते पृथ्वीच्या पोटातील वितळलेल्या लोखंडाचे वाहणे.

आपल्याकडे सुदैवाने हा कोन लहान आहे. महाराष्ट्रात आज तो ढोबळमानाने एक अंशाच्या आतबाहेर आहे. न्यूझीलंडमधील शेतकऱ्याला वीस अंशांहून अधिक फरक धरावा लागतो, त्या मानाने आपले काम सोपे. पण लहान आहे म्हणून सोडून द्यावा का, याचा हिशोब आधी करू.

एक अंश म्हणजे किती जमीन

एक अंशाची चूक १०० मीटरवर पावणेदोन मीटर पडते, आणि एक किलोमीटरवर साडेसतरा मीटर. हे एकच माप लक्षात ठेवले तरी पुष्कळ आहे.

आता ते कोणत्या नकाशावर मांडायचे ते पाहा. टोपोशीट १:५०,००० प्रमाणाची असेल, तर साडेसतरा मीटर म्हणजे कागदावर फक्त एक तृतीयांश मिलिमीटर. पेन्सिलीची रेघच तेवढी जाड असते. तिथे एका अंशासाठी डोके शिणवण्यात अर्थ नाही. परंतु तेच काम १:५,००० च्या नकाशावर मांडले, तर फरक साडेतीन मिलिमीटर होतो, आणि साडेतीन मिलिमीटरमध्ये ओढा या काठाचा त्या काठाला जातो. दुरुस्ती करायची की नाही हे असे रेषेची लांबी आणि नकाशाचे प्रमाण पाहून ठरवावे.

दुसरी गोष्ट अशी की, दुरुस्ती केली नाही तर चूक एक पट होते. उलटी केली तर ती दुप्पट होते. माझे तेच झाले होते.

मिळवायचे की वजा करायचे

नकाशाच्या समासात पाहिले तर चुंबकीय फरक, त्याची दिशा आणि तो कोणत्या साली मोजला हे छापलेले असते. आमच्याकडील शीटवर ‘सुमारे १ अंश पश्चिम’ असे होते. मी तो एक अंश प्रत्येक दिशामानात मिळवला. वास्तविक तो वजा करायला हवा होता.

का, ते शेताच्याच उदाहरणाने सांगतो. बांधापासून विहिरीपर्यंतचे अंतर मोजायचे आहे. तुम्ही बांधावर उभे न राहता एक पाऊल अलीकडून, शेजाऱ्याच्या हद्दीतून मोजायला सुरुवात केली. तर अंतर एक पाऊल जास्त भरेल, आणि खरे अंतर काढण्यासाठी ते एक पाऊल वजा करावे लागेल. पश्चिम दिक्पाताचे तसेच आहे. सुई खऱ्या उत्तरेच्या डावीकडे आहे. आपण घड्याळाच्या काट्याप्रमाणे डावीकडून उजवीकडे मोजतो, म्हणजे मोजणी एक अंश अलीकडून सुरू झाली. आकडा एक अंश जास्त आला. तो वजा करा. सुई उजवीकडे असेल तर मोजणी उशिरा सुरू होते, आकडा कमी येतो, म्हणून मिळवा.

थोडक्यात, होकायंत्रावरून नकाशाकडे येताना पूर्व अधिक, पश्चिम उणे. नकाशावरचा कोन मोजून तो होकायंत्रावर लावायला शेतात जाताना याच्या उलट. पाठ केलेला नियम ऐन वेळी उलटा आठवतो, म्हणून मी आता विद्यार्थ्यांना सांगतो की वहीच्या कोपऱ्यात दोन रेघा काढा. एक सरळ उभी, ती खरी उत्तर. दुसरी थोडी डावीकडे किंवा उजवीकडे कललेली, ती सुई. मग तिसरी रेघ तुमच्या ओळीची. दोन्ही कोनांतील कोणता मोठा हे डोळ्यांनीच दिसते.

शून्याच्या आसपास एक खबरदारी घ्यावी. दिशामान अर्धा अंश असेल आणि एक वजा करायचा असेल तर उत्तर उणे अर्धा नव्हे, तर ३५९½ अंश. तसेच मिळवताना ३६० च्या पुढे गेल्यास ३६० वजा करावेत.

त्याआधी सुई खरी बोलते का ते पाहा

आमच्या चाळीस मीटरमधील सगळा दोष दिक्पाताचा नव्हता. काही भाग आणखी एका गोष्टीचा होता, आणि आपल्या भागात तीच जास्त त्रास देते. तिला स्थानिक आकर्षण म्हणतात.

सुई पृथ्वीच्या चुंबकत्वाला वळते तशी जवळच्या लोखंडालाही वळते. हे किती नाजूक असते याचे आपल्या महाराष्ट्रातच मोठे उदाहरण आहे. मुंबईत कुलाब्याला जुनी वेधशाळा होती आणि तिथे पृथ्वीच्या चुंबकत्वाचे मोजमाप होत असे. शहरात विजेच्या ट्रामगाड्या येणार असे ठरल्यावर त्या विजेने मोजमाप बिघडेल म्हणून हे काम अलिबागला हलवण्यात आले. अलिबागची इमारत १९०४ मध्ये पोरबंदरच्या दगडात बांधली, कारण तो दगड चुंबकीय नाही. आपल्या दख्खनचा काळा दगड मात्र तसा नाही. त्यात मॅग्नेटाइट नावाचे लोहखनिज असते. उघड्या खडकावर, विशेषतः जिथे पूर्वी वीज पडली असेल अशा टेकडीच्या माथ्यावर, सुई काही अंशांनी सहज फिरते.

खडकाखेरीज आपण स्वतः बरोबर नेलेले लोखंड असतेच. पहार, विळा, खिशातील मोबाइल, लोखंडी टेपची पेटी. होकायंत्र धरणाऱ्याने हे सर्व मागे ठेवावे. तारेच्या कुंपणापासून सुमारे दहा मीटर, ट्रॅक्टर किंवा जीपपासून वीस मीटर आणि उच्चदाबाच्या तारांपासून साठ मीटर तरी दूर राहावे.

तरीही सुई बिघडली का, हे कळण्यासाठी एक सोपी परीक्षा आहे. प्रत्येक ओळीचे दिशामान दोन्ही टोकांवरून घ्यावे. अ वरून ब कडे पाहून एक, आणि ब वर पोहोचल्यावर मागे अ कडे पाहून दुसरे. या दोहोंत बरोबर १८० अंशांचा फरक यायला हवा. आला तर दोन्ही ठिकाणे स्वच्छ आहेत असे समजावे. अर्ध्या अंशाचा फरक वाचण्यातला असू शकतो. त्याहून अधिक आला तर दोहोंपैकी एका तरी ठिकाणी सुई ओढली गेली आहे.

इथे एक बारकावा महत्त्वाचा आहे. एखाद्या ठिकाणी सुई ओढली गेली असेल, तर त्या ठिकाणावरून घेतलेली सर्व दिशामाने सारख्याच अंशांनी चुकतात. त्यामुळे त्या ठिकाणची चूक एका ओळीवरून कळली की पुढच्या ओळीचे दिशामानही तेवढेच दुरुस्त करता येते. आधी ही दुरुस्ती करावी, नंतर दिक्पाताची. क्रम उलटा केला तर दोन निरनिराळ्या चुका एकमेकीत मिसळतात आणि कोणती कुठली हे कळेनासे होते.

आमच्या वहीतील आकडे

आता त्या गावच्या वहीतील आकडेच घेऊ. शिवेचा दगड अ, ओढ्याचे पहिले वळण ब, दुसरे वळण क, आणि बांधाची जागा ड. अंतरे अशी: अ ते ब ४२० मीटर, ब ते क ३१० मीटर, क ते ड २७० मीटर.

अ वरून ब चे दिशामान ६४ अंश. ब वरून मागे अ चे २४४ अंश. फरक बरोबर १८०. म्हणजे अ आणि ब दोन्ही ठिकाणे स्वच्छ.

ब वरून क चे ११८½ अंश. क वरून मागे ब चे ३०१ अंश. फरक १८२½. अडीच अंश जास्त. ब स्वच्छ आहे हे आपल्याला वरच्या ओळीवरून ठाऊक आहे, तेव्हा ब वरून घेतलेले ११८½ खरे धरावे. म्हणजे दोष क चा. तिथून मागे २९८½ यायला हवे होते, आले ३०१. क वरची सुई अडीच अंश जास्त दाखवत होती. नंतर जाऊन पाहिले तेव्हा क जवळ गवतात जुन्या मोटारीच्या पाइपचे तुकडे पडलेले आढळले.

क वरून ड चे वाचन ३५ अंश होते. त्यातून अडीच वजा केले की ३२½. ड वरून मागे क चे वाचन २१२½ होते. ३२½ मध्ये १८० मिळवले की २१२½ येतात. म्हणजे ड स्वच्छ, आणि आपली दुरुस्तीही बरोबर. ही पडताळणी आम्ही त्या संध्याकाळी केलीच नाही. वहीत दोन्ही बाजूंची दिशामाने लिहिलेली होती, पण मांडताना फक्त पुढची घेतली.

आता दिक्पात. एक अंश पश्चिम, म्हणून प्रत्येकातून एक वजा. अ-ब ६३ अंश, ब-क ११७½ अंश, क-ड ३१½ अंश. हे तीन आकडे नकाशावर मांडायचे. १:५,००० प्रमाणात ५० मीटर म्हणजे एक सेंटिमीटर, तेव्हा लांब्या अनुक्रमे ८.४, ६.२ आणि ५.४ सेंटिमीटर. अ मधून नकाशाच्या उभ्या रेघेला समांतर रेघ काढावी, तिच्यावर कोनमापक ठेवून ६३ अंशांची खूण करावी आणि ८.४ सेंटिमीटरवर ब घ्यावा. ब मधून पुन्हा नवी समांतर रेघ, आणि पुढे तसेच.

मी काय केले होते ते पाहा. एक वजा करण्याऐवजी एक मिळवला, म्हणजे सगळी आकृती अ भोवती दोन अंश फिरली. अ पासून ड सरळ रेषेत सुमारे ८४० मीटर आहे, तेव्हा ड सुमारे २९ मीटर सरकला. क वरचे अडीच अंश न काढल्याने आणखी सुमारे १२ मीटर. दोन्ही चुका साधारण एकाच बाजूला, म्हणून ड जवळजवळ ४० मीटर दक्षिणेकडे सरकला आणि डाळिंबाच्या बागेत जाऊन बसला. त्या शेतकऱ्यांचे म्हणणे आणि हा हिशोब तंतोतंत जुळला.

छापलेल्या आकड्यावर विसंबू नये

समासातील दिक्पात हा त्या साली मोजलेला असतो. शीट चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीची असेल तर तो आकडा आज लागू असेलच असे नाही. आजचा आकडा काढण्याची सोय आता आहे. पृथ्वीच्या चुंबकत्वाचे जागतिक गणिती प्रारूप दर पाच वर्षांनी नवे केले जाते. २०२५ पासूनचे प्रारूप डिसेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. संगणकावर आपल्या गावाचे अक्षांश, रेखांश आणि तारीख दिली की त्यावरून दिक्पात अंशांत मिळतो. पूर्व की पश्चिम हे नीट वाचावे. काही ठिकाणी पश्चिमेसाठी नुसते उणे चिन्ह असते.

पण हा आकडा फक्त पृथ्वीचा असतो. तुमच्या होकायंत्राचा स्वतःचा दोष त्यात नसतो. पडलेल्या, जुन्या यंत्राची तबकडी अर्धा-एक अंश चुकीची असू शकते. शिवाय गावनकाशावरील उत्तरेचा बाण कधी कधी अंदाजाने काढलेला असतो. म्हणून सर्वांत खात्रीचा मार्ग म्हणजे माहीत असलेल्या रेषेवर यंत्र तपासणे.

आम्ही दुसऱ्या दिवशी तेच केले. शिवेच्या दगडावरून पलीकडच्या गावच्या देवळाचा कळस स्पष्ट दिसतो, आणि दगड व देऊळ दोन्ही नकाशावर आहेत. नकाशावर त्या रेषेचा उत्तरेशी कोन मोजला तो ३४१ अंश. होकायंत्राने पाहिला तो ३४२. म्हणजे या यंत्राचे वाचन या नकाशावर आणताना एक अंश वजा करावा लागतो. त्यात दिक्पात किती, यंत्राचा दोष किती, हे वेगळे काढण्याची गरजच नाही. एकूण दुरुस्ती मिळाली. मिळवायचे की वजा करायचे हा प्रश्नही इथे आपोआप सुटतो. एवढी पाच मिनिटे मी आदल्या दिवशी दिली असती तर ग्रामसभेत मान खाली घालावी लागली नसती.

अशी रेषा निवडताना ती एक किलोमीटरहून लांब असावी, दोन्ही टोके नकाशावर बिंदूसारखी नेमकी असावीत, आणि जिथे उभे राहायचे ती जागा स्वच्छ असावी. शक्य असल्यास अशा दोन रेषांवर तपासावे. दोन्हींत सारखाच फरक आला तर तो पक्का मानावा.

काठी आणि सावली

नकाशावर ओळखता येईल असे देऊळ किंवा दगड नसेल, तर खरी उत्तर आपल्याला आपल्या अंगणात काढता येते. ही रीत आपल्याकडे फार जुनी आहे. शुल्बसूत्रांत यज्ञवेदी मांडण्यासाठी ती सांगितलेली आहे.

सपाट केलेल्या मोकळ्या जागेत सुमारे एक मीटर उंचीची सरळ काठी ओळंब्याने उभी करावी. काठी लाकडाचीच असावी, गज नको. सकाळी नऊच्या सुमारास सावलीच्या टोकापर्यंत दोरी धरून, काठीभोवती त्याच त्रिज्येचे वर्तुळ आखावे आणि सावलीचे टोक जिथे वर्तुळाला लागले तिथे खुंटी मारावी. दुपारपर्यंत सावली आखडते आणि नंतर पुन्हा लांबते. दुपारनंतर टोक ज्या क्षणी पुन्हा वर्तुळाला टेकेल तिथे दुसरी खुंटी मारावी. या दोन खुंट्या जोडणारी रेघ म्हणजे खरी पूर्व-पश्चिम. तिचा मध्य काढून काठीच्या बुंध्याशी जोडला की खरी दक्षिणोत्तर. यासाठी घड्याळाच्या वेळेची अचूकता लागत नाही.

या दक्षिणोत्तर रेषेच्या दक्षिण टोकावर उभे राहून उत्तर टोकाकडे होकायंत्राने पाहावे. रेषा दोरीने दहा-पंधरा मीटर वाढवून घेतली तर पाहणे सोपे जाते. होकायंत्र १ अंश दाखवत असेल तर एक वजा करायचा. ३५९½ दाखवत असेल तर अर्धा मिळवायचा. सावलीची कड नेहमी थोडी पुसट असते, म्हणून या रीतीची अचूकता साधारण अर्ध्या अंशाची समजावी. डिसेंबर ते फेब्रुवारी आकाश स्वच्छ आणि सावली लांब असते, तेव्हा हे काम चांगले होते. उत्तर तीन-चार अंशांचे आले, तर ते महाराष्ट्रातील दिक्पाताचे नव्हे हे ओळखावे. एक तर जागेत लोखंड आहे, किंवा काठी कललेली होती, किंवा यंत्र बिघडले आहे.

मोबाइल आणि छापील चौकटी

आजकाल बरेच जण मोबाइलमधील होकायंत्र वापरतात. त्यातील काही फोन स्वतःच दिक्पात धरून खरी उत्तर दाखवतात. उदाहरणार्थ आयफोनच्या सेटिंगमध्ये Use True North असा पर्याय असतो. तो चालू असेल आणि तुम्ही पुन्हा हाताने दुरुस्ती केली, तर दुरुस्ती दोनदा होते. म्हणून आधी पर्याय पाहावा, आणि वहीत ‘खरी’ की ‘चुंबकीय’ हे प्रत्येक पानाच्या माथ्यावर लिहावे. काही परदेशी होकायंत्रांत दिक्पात लावून ठेवण्याचा स्क्रू असतो, त्याबाबतही हेच. ड च्या जागेचे अक्षांश-रेखांश मोबाइलवर घेऊन मांडलेल्या खुणेशी ताडून पाहावेत. मोकळ्या आकाशाखाली मोबाइलची जागा काही मीटरांच्या आत बरोबर येते, तेव्हा चाळीस मीटरची चूक त्यात लगेच उघडी पडते.

संगणकावर छापलेल्या नकाशावर पुष्कळदा मीटरच्या चौकोनांची जाळी असते. त्या जाळीच्या उभ्या रेघा नेमक्या खऱ्या उत्तरेकडे जात नाहीत. महाराष्ट्राच्या बहुतेक भागासाठीच्या जाळीचा मध्य ७५ अंश पूर्व रेखांशावर आहे. अहिल्यानगरसारख्या त्याजवळच्या ठिकाणी फरक नगण्य, परंतु अमरावतीकडे जाळीची उत्तर खऱ्या उत्तरेच्या सुमारे एक अंश पूर्वेला असते. म्हणजे तिथे हा फरक दिक्पाताएवढाच मोठा होऊ शकतो. अशा नकाशावर कोन जाळीच्या रेघांपासून मोजायचा असेल, तर वर सांगितलेली देवळाच्या कळसाची परीक्षा त्याच जाळीवर करावी. सर्व दुरुस्त्या एका आकड्यात येतात.

मर्यादा

शेवटी एक गोष्ट स्पष्ट सांगतो. हातातील होकायंत्र अर्ध्या अंशापलीकडे वाचता येत नाही. नालाबांधाची जागा, पाइपलाइनचा मार्ग, चर खोदाईची दिशा, झाडांच्या ओळी यासाठी ते पुरेसे आहे. दोन शेतकऱ्यांमधील हद्दीचा वाद त्यावर सोडवता येणार नाही आणि सोडवूही नये. त्यासाठी भूमी अभिलेख खात्याची मोजणीच घ्यावी लागते.

त्या गावी आम्ही दुरुस्त केलेला नकाशा घेऊन पुन्हा गेलो. मागच्या रांगेतील तेच शेतकरी पुढे येऊन नकाशाजवळ उभे राहिले. त्यांनी बोट ठेवून पाहिले, आणि म्हणाले, “आता बसला ओढ्यात.” मग त्यांनी मला विचारले, “पण साहेब, काल तो बागेत होता तेव्हाही तुम्ही एवढ्याच खात्रीने बोलत होता.” त्याला माझ्याकडे उत्तर नव्हते. तेव्हापासून मी कोणताही नकाशा भिंतीला लावण्याआधी मागची दिशामाने तपासतो, कळसावर यंत्र लावतो, आणि दुरुस्ती किती व कोणत्या बाजूची केली ते नकाशाच्या कोपऱ्यात लिहितो. तुम्हीही आपल्या समितीच्या नकाशावर ती ओळ लिहिलेली आहे का ते एकदा पाहावे.

एवढे बोलून मी थांबतो.